ऑर्डर घ्यायची की सोडायची? मजुरीचा खरा हिशेब

शिरोली, भोसरी, सातपूर, वाळूज अशा कुठल्याही एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारापुढे वर्षातून अनेकदा एक पेच येतो. एखादं अनोळखी गिऱ्हाईक येतं, एकदाच करून घ्यायचं काम सांगतं आणि सोबत आपला भावही सांगतं. तो भाव कारखान्याच्या नेहमीच्या कोटेशनपेक्षा कमी असतो. मालक कागद काढतो, माल किती लागेल, तास किती लागतील, तासाचा दर काय, त्यावर इतर खर्चाचे टक्के किती, हे मांडतो आणि बेरीज बघून म्हणतो, ‘परवडत नाही.’ काही वेळा त्याचं म्हणणं बरोबर असतं. पण कित्येकदा सोडून दिलेली ती ऑर्डर फायद्याची असते, आणि याच पद्धतीने होकार दिलेली दुसरी एखादी ऑर्डर नुकसानीची ठरते.

हिशेबातली ही चूक बहुधा मजुरीच्या ओळीत असते. पत्र्याचा किंवा सळईचा हिशेब सरळ आहे. काम घेतलं तर पत्रा आणावा लागतो, नाही घेतलं तर लागत नाही. माणसांचं तसं नसतं. महिन्याच्या पगारावरचा माणूस काम असलं तरी पगार घेतो आणि नसलं तरी घेतो. मग या खास कामाच्या नावावर त्याच्या तासाची किंमत किती धरायची? उत्तर तीन प्रकारचं आहे आणि ते माणसाच्या पगारावर अवलंबून नाही. त्या महिन्यात तो माणूस रिकामा आहे, भरलेला आहे की जादा वेळ थांबणार आहे, यावर ते ठरतं.

एकच प्रश्न विचारायचा

एखाद्या निर्णयासाठी जो खर्च मोजायचा, त्याला परिव्यय लेखापाल ‘संबद्ध खर्च’ म्हणतात. त्याची कसोटी साधी आहे. ही ऑर्डर घेतली तर खिशातून जास्तीचे किती पैसे जातील, आणि घेतल्यामुळे येणारे कुठले पैसे बुडतील? या दोन्हींची बेरीज म्हणजे संबद्ध खर्च. ऑर्डर घेतली काय, नाकारली काय, जो पैसा जाणारच आहे, तो या निर्णयापुरता हिशेबाबाहेर ठेवायचा.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी १९२३ साली ओव्हरहेड खर्चावरच्या आपल्या ग्रंथात हेच सांगितलं होतं: हेतू वेगळा असेल तर खर्चाचा आकडाही वेगळा असतो. नफा-तोट्याचा वार्षिक हिशेब मांडताना प्रत्येक तासाची मजुरी कुठल्यातरी कामावर टाकावीच लागते. ‘हे काम घेऊ का?’ या प्रश्नाला मात्र तो आकडा उत्तर देऊ शकत नाही, कारण तो काय घडलं हे सांगतो, काय बदलेल हे सांगत नाही.

नुसत्या व्याख्येवरून ही गोष्ट पटत नाही, म्हणून एक नमुना घेऊ. कारखाना काल्पनिक आहे, आकडेही हिशेब सोपा व्हावा असे घेतले आहेत, पण असे प्रसंग रोज घडतात.

शिरोलीतला एक कारखाना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पंचवीसेक माणसांचा स्टेनलेस स्टीलचं काम करणारा कारखाना आहे असं समजा. हॉटेलांसाठी सिंक, टेबलं, दुधाच्या टाक्या असा त्याचा माल. एका मिठाई उत्पादकाला सणाआधी पाच खास टाक्या हव्या आहेत. त्याने भाव सांगितला आहे ३,२०,००० रुपये.

पत्रा, पाइप, व्हॉल्व्ह असा माल २,२०,००० रुपयांचा लागेल. आर्गन गॅस, डिस्क, बफिंगचा खर्च, जादा वीज, टेम्पो मिळून ३०,००० रुपये. हे २,५०,००० रुपये ऑर्डर घेतली तरच खर्च होणार आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाद नाही.

आता माणसं. सगळे महिन्याच्या ठरलेल्या पगारावर. महिन्याचे कामाचे दिवस २६, दिवसाचे तास ८, म्हणजे प्रत्येकाचे २०८ तास. हेल्परचा पगार २०,८०० रुपये, म्हणजे तासाला १००. फॅब्रिकेटरचा २६,०००, म्हणजे तासाला १२५. आर्गन वेल्डरचा ३१,२००, तासाला १५०. सुपरवायझरचा ३६,४००, तासाला १७५.

पाच टाक्यांना हेल्परचे १५० तास, फॅब्रिकेटरचे १६०, आर्गन वेल्डरचे ६० आणि सुपरवायझरचे २० तास लागतील. मालकाची नेहमीची पद्धत तासाला दराने गुणायची. हेल्पर १५,०००, फॅब्रिकेटर २०,०००, वेल्डर ९,०००, सुपरवायझर ३,५००. एकूण मजुरी ४७,५००. भाडं, ऑफिस, विमा, घसारा यांसाठी मजुरीच्या शंभर टक्के, म्हणजे आणखी ४७,५००. माल आणि थेट खर्च मिळवला की बेरीज होते ३,४५,०००. नफा धरायच्या आधीच आकडा गिऱ्हाइकाच्या भावापेक्षा २५,००० रुपयांनी वर गेला. मालक नाही म्हणतो.

यातले भाडं, विमा, घसारा या टाक्यांमुळे वाढणार नाहीत, म्हणून ते ४७,५०० रुपये या निर्णयात येत नाहीत. ही बाब आता बऱ्याच जणांना माहीत असते. पण मजुरीचे ४७,५०० रुपये तरी खरे आहेत का? एकेक माणूस घेऊन बघू.

रिकामा बसलेला माणूस

कारखान्यात चार हेल्पर आहेत, त्यांचे मिळून महिन्याचे ८३२ तास. हातातल्या ऑर्डरींना त्यांतले ६६० तास पुरतात. म्हणजे १७२ तास त्यांच्या हाताला काम नाही, आणि पगार मात्र पूर्ण द्यायचा आहे. टाक्यांना १५० तास हवेत. ऑर्डर घेतली तरी चौघांचे मिळून ८३,२०० रुपये जाणार आणि नाकारली तरी तेवढेच जाणार. टाक्यांमुळे एक रुपयाही वाढत नाही. म्हणून या १५० तासांचा संबद्ध खर्च शून्य.

हा शून्य अनेकांना खटकतो. ‘माणूस राबतो आहे आणि त्याची किंमत शून्य कशी?’ असा प्रश्न येतो. माणसाच्या कष्टाची किंमत शून्य आहे असं इथे कोणी म्हणत नाही. त्याची पूर्ण किंमत कारखाना देतोच आहे. ती देण्याचा निर्णय त्याला नोकरीवर ठेवताना झाला होता. टाक्यांच्या निर्णयाने त्यात काही फरक पडत नाही, एवढाच शून्याचा अर्थ.

सुपरवायझरचंही तसंच. त्याच्या देखरेखीत आणखी एका कामाची भर पडेल, पण पगार वाढणार नाही आणि दुसरं कुठलं काम थांबणार नाही. त्याचे २० तासही शून्य. मात्र या कामासाठी त्याला रविवारी बोलवावं लागलं आणि त्याचा भत्ता द्यावा लागला, तर तो भत्ता टाक्यांचा खर्च होईल.

शून्य लिहिण्याआधी रिकामे तास खरोखर रिकामे आहेत का, हे तपासावं लागतं. इथे हजेरीपट उपयोगी पडत नाही, कारण हजेरीपटावर सगळे आठ तास हजर असतात. जॉब कार्ड बघावं लागतं. १७२ तास रिकामे आहेत, पण ते महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात असतील आणि टाक्यांचं काम शेवटच्या आठवड्यात येणार असेल, तर ते तास कामाला येत नाहीत. बसून राहिलेला हेल्पर मशीनची साफसफाई करत असेल, आणि आता ते काम बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घ्यावं लागणार असेल, तर तो खर्चही टाक्यांवर येतो.

आणखी एक गोष्ट पगाराच्या करारात दडलेली असते. हेल्पर महिन्याच्या पगारावर नसून रोजच्या हजेरीवर असतील आणि काम नसलं की त्यांना बोलावलं जात नसेल, तर शून्य धरणं साफ चूक आहे. तेव्हा १५० तासांचे पूर्ण १५,००० रुपये टाक्यांमुळेच जातील. माणूस तोच, काम तेच, पण पगाराची रीत बदलली की संबद्ध खर्च शून्यावरून पंधरा हजारांवर जातो.

जादा वेळ थांबणारा माणूस

फॅब्रिकेटर पाच, त्यांचे १,०४० तास. हातातल्या ऑर्डरींना १,००० तास लागतात, म्हणजे फक्त ४० तास मोकळे. टाक्यांना १६० तास हवेत. पहिले ४० तास हेल्परसारखेच, शून्य खर्चाचे. उरलेल्या १२० तासांसाठी तूर्त ओव्हरटाइम धरू.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ नुसार दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपलीकडच्या कामाला नेहमीच्या दराच्या दुप्पट मजुरी द्यावी लागत असे. २०१९ च्या वेतन संहितेनेही किमान दुप्पट दराचा नियम ठेवला आहे. आपल्या कारखान्यात आठवड्याचे ४८ तास आधीच भरतात, त्यामुळे जादा प्रत्येक तासाला २५० रुपये पडतील. १२० तासांचे ३०,०००.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली अशी की हिशेबनीस २५० रुपयांचे दोन तुकडे करतो. १२५ रुपये ‘मजुरी’ आणि १२५ रुपये ‘ओव्हरटाइमचा जादा भार’. हा जादा भार तो सगळ्या कामांवर वाटण्यासाठी ओव्हरहेडमध्ये टाकतो, आणि टाक्यांवर फक्त १२५ उरतात. वर्षाच्या हिशेबात अशी विभागणी करण्याला कारण असू शकतं. निर्णय घेताना मात्र तिला जागा नाही, कारण टाक्या घेतल्या नाहीत तर पूर्ण २५० रुपये वाचतात. ठरलेला पगार नेहमीच्या २०८ तासांचा आहे, त्यात जादा तासाचा एक पैसाही मिळालेला नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. टाक्यांची घाई आहे म्हणून मालक दिवसा टाक्यांचं काम लावतो आणि नेहमीची सिंक संध्याकाळी ओव्हरटाइममध्ये करून घेतो. जॉब कार्डावर टाक्यांना १२५ चा दर लागतो आणि सिंकांच्या नावावर २५० चा. महिनाअखेरीस टाक्या फायद्यात दिसतात, सिंक तोट्यात. प्रत्यक्षात टाक्या आल्या नसत्या तर कोणालाच संध्याकाळी थांबावं लागलं नसतं. संध्याकाळी कुठलं काम झालं हे बघायचं नाही, कुठल्या कामामुळे संध्याकाळ लागली हे बघायचं. ओव्हरटाइमचा सगळा खर्च टाक्यांचा.

ओव्हरटाइमचे तासही जपून मोजावे लागतात. दिवसभर पत्र्यावर काम केलेला माणूस दहाव्या तासाला पहिल्या तासाच्या वेगाने काम करत नाही. १२० तासांचं काम संध्याकाळी करताना १३२ तास लागले तर खर्च ३३,००० होतो. शिवाय जादा तासांना कायद्याची कमाल मर्यादा आहे आणि माणसाच्या शरीरालाही मर्यादा आहे. पाच जणांत १२० तास म्हणजे प्रत्येकी २४, महिन्याभरात रोज तासाभराच्या आत. हे झेपण्यासारखं आहे. हेच तास एका आठवड्यात बसवायचे असतील तर ते होण्यासारखं नाही, आणि कागदावरचा ३०,००० चा आकडाही मग निरर्थक ठरतो.

ज्याच्याकडे एक तासही मोकळा नाही

आता कारखान्यातला सगळ्यात मोलाचा माणूस, आर्गन वेल्डर. तो एकटाच आहे. त्याचे सगळे तास सिंकांच्या कामात भरलेले आहेत आणि ओव्हरटाइमही मर्यादेपर्यंत पोचलेला आहे. टाक्यांना त्याचे ६० तास द्यायचे तर ते सिंकांकडूनच काढावे लागतील.

मालकाच्या कागदावर या ६० तासांची किंमत आहे ९,००० रुपये. पण वेल्डरचा पगार दोन्हीकडे सारखाच जाणार आहे. मग किंमत शून्य म्हणायची? नाही, कारण इथे पैसे खिशातून जात नसले तरी येणारे पैसे बुडतात. एका सिंकला वेल्डरचे ३ तास लागतात. सिंक ६,००० रुपयांना जातं, त्याला ३,९०० चा माल आणि ६०० रुपयांचा गॅस, डिस्क वगैरे खर्च येतो. उरतात १,५०० रुपये. म्हणजे वेल्डरचा प्रत्येक तास कारखान्याला ५०० रुपये मिळवून देतो. ६० तास काढले की २० सिंक कमी होतील आणि ३०,००० रुपये बुडतील. हा या ६० तासांचा संबद्ध खर्च. पगाराच्या दराने आलेल्या ९,००० च्या तिपटीहून जास्त.

यात ९,००० पुन्हा मिळवायचे का, हा प्रश्न परीक्षेतल्या विद्यार्थ्यांना अडखळवतो आणि कारखानदारांनाही. सिंकाची शिल्लक काढताना आपण वेल्डरची मजुरी वजा केली नव्हती, म्हणून ३०,००० हाच पूर्ण आकडा आहे. काही कारखान्यांत शिल्लक मजुरी वजा करूनच काढलेली असते. तिथे वेल्डरचे तीन तासांचे ४५० रुपये आधीच कापलेले असतील आणि शिल्लक १,०५० दिसेल. मग २० सिंकांचे २१,००० अधिक त्याच्या पगाराचे ९,००० असं मिळवावं लागतं, आणि उत्तर पुन्हा ३०,००० च येतं. दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात. चूक होते ती दोन्ही वाटा मिसळल्यावर: ३०,००० मध्ये ९,००० मिळवून ३९,००० केले तर खर्च फुगतो, आणि २१,००० वरच थांबलं तर तो कमी दिसतो.

सिंक खरोखर बुडणार आहेत की फक्त पुढे ढकलली जाणार आहेत, हेही विचारायला हवं. हॉटेलवाला महिनाभर थांबायला तयार असेल आणि पुढच्या महिन्यात वेल्डरला मोकळे तास असतील, तर ३०,००० रुपये बुडत नाहीत, उशिरा येतात. तसं नसेल तर तो दुसऱ्याकडे जातो.

एक धागा ओढला की दुसरा हलतो

वीस सिंक कमी झाली की फक्त वेल्डरचे तास सुटत नाहीत. प्रत्येक सिंकला फॅब्रिकेटरचेही दोन तास लागतात. म्हणजे फॅब्रिकेटरांचे ४० तास आपोआप मोकळे होतात, आणि टाक्यांसाठी ओव्हरटाइम १२० नव्हे तर ८० तासच लागतो. खर्च ३०,००० वरून २०,००० वर येतो. प्रत्येक माणसाचा हिशेब सुटा सुटा केला तर हे १०,००० रुपये नजरेतून निसटतात. म्हणून माणसागणिक खर्च मांडून झाला की कारखान्याचं पूर्ण महिन्याचं वेळापत्रक दोनदा लिहावं, एकदा टाक्या धरून आणि एकदा टाक्या सोडून. दोन वेळापत्रकांतला पैशांचा फरक हाच खरा आकडा.

आता मजुरीची बेरीज करू. हेल्पर शून्य, सुपरवायझर शून्य, फॅब्रिकेटर २०,०००, वेल्डर ३०,०००. एकूण ५०,०००. योगायोगाने हा आकडा मालकाच्या ४७,५०० च्या जवळ आहे, पण आतली एकही ओळ जुळत नाही. दोन ओळी शून्य झाल्या, एकीत जुन्याच २०,००० मागे नवं कारण आलं आणि एक तिपटीवर गेली.

माल आणि थेट खर्चाचे २,५०,००० मिळवले की एकूण संबद्ध खर्च होतो ३,००,०००. गिऱ्हाईक देतं आहे ३,२०,०००. ऑर्डर घेतल्याने कारखान्याच्या हातात २०,००० रुपये जास्त राहतील. ३,४५,००० चा आकडा बघून जी ऑर्डर सोडली जात होती, ती घेण्यासारखी आहे.

तिसरी वाट आहे का?

संबद्ध खर्च नेहमी उपलब्ध वाटांपैकी स्वस्त वाटेने मोजतात. समजा, आठ दिवसांसाठी बाहेरचा आर्गन वेल्डर १,८०० रुपये हजेरीवर मिळतो. त्याचे १४,४०० रुपये होतील आणि आपला वेल्डर सिंकांवरच राहील. सिंक चालू राहिली म्हणजे फॅब्रिकेटरांचे ते ४० तास सुटणार नाहीत, त्यांचा ओव्हरटाइम पुन्हा १२० तास, ३०,००० रुपये. मजुरी एकूण ४४,४००. आपल्याच वेल्डरला हलवण्यापेक्षा हे ५,६०० रुपयांनी स्वस्त पडतं.

मग बाहेरचा माणूसच आणावा का? खाण्याच्या पदार्थांच्या टाकीत आतला वेल्ड गुळगुळीत लागतो, कारण खाचेत दूध साचलं तर ते नासतं. नवख्या हाताने एक टाकी जरी पुन्हा घासून वेल्ड करावी लागली तर ५,६०० रुपये तिथेच संपतील. आकडा निर्णय देत नाही, तो धोक्याची किंमत किती आहे हे सांगतो. ५,६०० साठी हा धोका घ्यायचा का, हे कामाची जाण असलेल्या माणसाने ठरवायचं.

तीच ऑर्डर, भरलेल्या महिन्यात

आता हीच ऑर्डर, त्याच भावाने, दोन महिन्यांनी आली आणि तेव्हा हातात कामच काम असेल तर? हेल्परांचा एकही तास मोकळा नाही, १५० तास ओव्हरटाइमने, तासाला २०० रुपये, म्हणजे ३०,०००. फॅब्रिकेटरांचे आधीचे ४० मोकळे तास आता नाहीत. सिंक कमी झाल्याने सुटलेले ४० तास धरून १२० तास ओव्हरटाइम, ३०,०००. वेल्डरमुळे बुडणारे ३०,००० तसेच. मजुरी एकूण ९०,०००, आणि पूर्ण संबद्ध खर्च ३,४०,०००. आता तीच ऑर्डर २०,००० रुपयांच्या नुकसानीची आहे.

टाक्या बदलल्या नाहीत, माणसं बदलली नाहीत, पगार बदलले नाहीत. फक्त महिना बदलला. आणि मालकाची नेहमीची पद्धत दोन्ही महिन्यांत तेच ३,४५,००० सांगत राहिली असती. ठरलेल्या दराने मजुरी मोजणारा हिशेब रिकाम्या महिन्यात काम घालवतो आणि भरलेल्या महिन्यात चुकीचं काम ओढून घेतो. भरलेल्या महिन्यात गिऱ्हाइकाने ३,२०,००० ऐवजी ३,९०,००० दिले असते तर मालकाने खूश होऊन दहा टक्क्यांहून जास्त नफा धरला असता. खरा फायदा ५०,००० चा आहे, आणि त्यातले वेल्डरमुळे बुडालेले ३०,००० त्याच्या कुठल्याच कागदावर दिसले नसते.

शून्य कुठे संपतो

या पद्धतीची एक कडक मर्यादा आहे. ती एका निर्णयापुरती आणि एकदाच येणाऱ्या कामापुरती आहे. मिठाईवाला दर महिन्याला पाच टाक्या याच भावाने मागू लागला तर हेल्परांचे १५० तास शून्य किमतीचे धरता येणार नाहीत. आज ते रिकामे आहेत कारण मंदी आहे. उद्या नेहमीचं काम वाढलं की त्या टाक्यांसाठी नवा हेल्पर ठेवावा लागेल, किंवा काम वाढलंच नाही तर एक हेल्पर निवृत्त झाल्यावर त्याची जागा भरली जाणार नाही. काळ जितका लांब, तितके ‘ठरलेले’ पगार बदलण्याजोगे होत जातात. वर्षभराच्या करारासाठी भाव देताना पूर्ण मजुरी आणि भाड्यातला वाटाही धरावा लागतो. सगळ्याच ऑर्डरी शून्य मजुरीवर घेतल्या तर महिन्याच्या सात तारखेला पगाराला पैसे कुठून येणार?

भाव एकदा बाहेर फुटला की तोही परत येत नाही. जुन्या गिऱ्हाइकाला कळलं की नव्याला कमी भावाने टाक्या मिळाल्या, तर तोही तेच मागेल. नेहमीच्या विक्रीतला असा संभाव्य घाटा हादेखील या ऑर्डरचा संबद्ध खर्च आहे, फक्त तो जॉब कार्डावर नोंदवला जात नाही.

म्हणून कारखानदारांना एक आग्रहाची सूचना. तासाच्या दराचा तक्ता ठेवा, वर्षाचा हिशेब त्याने करा, नेहमीच्या मालाचे भाव त्यावरून ठरवा. पण खास ऑर्डर समोर आली की तो तक्ता बाजूला ठेवून प्रत्येक माणसापुढे तीन गोष्टी लिहा: त्या दिवसांत त्याचे किती तास खरंच मोकळे आहेत, किती तास ओव्हरटाइमने किंवा बाहेरून भरावे लागतील, आणि किती तास दुसऱ्या कामातून काढावे लागतील. मोकळ्या तासांपुढे शून्य लिहा, ओव्हरटाइमपुढे पूर्ण दुप्पट दर लिहा, आणि काढलेल्या तासांपुढे त्या दुसऱ्या कामाची बुडणारी शिल्लक लिहा. ती बेरीज गिऱ्हाइकाच्या भावाशी लावून बघा, आणि मगच हो किंवा नाही म्हणा.